फोटोखालची ती ओळ



इलेक्ट्रिक स्कूटरच्या फोटोखाली बहुधा एक ओळ असते : ‘एका चार्जमध्ये १२० किलोमीटर, चार्जिंग फक्त ४ तासांत.’ हे आकडे खोटे असतातच असं नाही. पण ते कोणत्या परिस्थितीत मिळाले, हे त्या ओळीत नसतं, आणि गिऱ्हाइकाची निराशा तिथूनच सुरू होते.

आपल्याकडे स्कूटरची प्रमाणित रेंज प्रयोगशाळेत, रोलरवर चालवून मोजतात. पुण्याची एआरएआय ही अशा चाचण्या करणारी नावाजलेली संस्था. ‘इंडियन ड्रायव्हिंग सायकल’ किंवा आयडीसी म्हणून १०८ सेकंदांचा एक ठरलेला क्रम आहे, तो पुन्हा पुन्हा चालवला जातो. त्यातला सरासरी वेग ताशी २२ किलोमीटरच्या आसपास, तर कमाल वेग ४२. तिथे चढ नाही, खड्डे नाहीत, मागे कुणी बसलेलं नाही.

आता हिशेब करू. समजा, बॅटरी ३ युनिटची, म्हणजे ३ हजार वॅट-तासांची आहे. चाचणीत किलोमीटरला २५ वॅट-तास लागले, तर १२० किलोमीटर झाले. तीच गाडी रस्त्यावर ताशी ६० ने पळवली, तर ४० च्या वेगाशी तुलना करता वाऱ्याचा विरोध सव्वादोनपट होतो. त्यात मागे माणूस बसला आणि किलोमीटरला ३५ वॅट-तास लागू लागले, की रेंज ८५ वर येते. घाट लागला तर आणखी कमी. दोघांना घेऊन गाडी २५० मीटर उंच चढवायला सुमारे २०० वॅट-तास जास्तीचे जातात. म्हणजे सपाट रस्त्यावरचे सहा-सात किलोमीटर गेलेच.

चार्जिंगचंही तसंच. चार्जर बॅटरीला ६०० वॅट देत असेल, तर ४ तासांत २४०० वॅट-तास भरतात. ती झाली ८० टक्के बॅटरी. उरलेली २० टक्के भरताना विद्युतप्रवाह हळूहळू कमी केला जातो, त्यामुळे आणखी तास-दीड तास लागतो. जाहिरातीतले ‘४ तास’ पुष्कळदा ८० टक्क्यांपर्यंतचे असतात.

मग ती ओळ कशी हवी? माझ्या मते अशी : ‘आयडीसी प्रमाणित रेंज १२० किलोमीटर. नवी बॅटरी, दोन माणसं, सपाट रस्ता, ताशी ६० : सुमारे ८५ किलोमीटर. सोबतच्या चार्जरने शून्य ते ८० टक्के ४ तास, पूर्ण चार्ज साडेपाच तास.’ ओळ लांबली खरी, पण गिऱ्हाईक आपला रोजचा प्रवास तिच्याशी ताडून पाहू शकतं. ८५ चा आकडा वाचून एखादा परत जाईल, पण जो घेईल तो महिन्याभराने भांडायला येणार नाही.

स्कूटर घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला दोन प्रश्न जरूर विचारा : बॅटरी किती युनिटची, आणि चार्जर किती वॅटचा? भागाकार घरी करता येतो.