पाठवणीला कोणतं गाणं लावायचं?

मागच्या वैशाखात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं, आमच्या मुळशीतच. सासर ताम्हिणी घाटाच्या पलीकडे. गाण्यांची यादी माझ्याकडे होती, कारण घरात ‘कॉम्प्युटरवाला’ मी एकटाच!

पाठवणीसाठी पहिलं नाव सुचलं ते अर्थातच पी. सावळारामांच्या गंगा-जमुनांच्या गाण्याचं. संगीत वसंत प्रभूंचं, आवाज लताबाईंचा. गाणं सुंदरच आहे, पण त्यात आई मुलीला निरोप देते आणि आशीर्वाद देते. आमच्या घरी मात्र चार गोष्टी एकदम चालू होत्या. स्थळ चांगलं म्हणून आनंद होता, घाटापलीकडे दिली म्हणून आईची धास्ती होती, खर्चाचा ताण बाबांच्या चेहऱ्यावर होता, आणि बहीण तर थोडी रागावलेलीच होती.

तरी मी तेच लावलं. घोळ कुठे झाला सांगतो. रेकॉर्ड केलेल्या गाण्याला ठरलेली लांबी असते, गळाभेटीला नसते. आई सोडेचना. गाणं संपलं आणि माझ्या फोनवरून ऑटोप्लेने पुढचं सुरू झालं, तेही वरातीतलं नाचाचं! मंडपात एकदम विचित्र शांतता, आणि वर ढोल-ताशा.

“अरे, ते बंद कर आधी,” मोठी आत्या ओरडली. आणि तिने ओवी धरली.

जात्यावरची ओवी असते दोनच ओळींची. बहुतेकदा पहिल्या ओळीत रस्ता, झाड, गाव असं काहीतरी समोरचं येतं आणि दुसऱ्या ओळीत मनातलं. त्यात नाव, गाव, नातं बदलता येतं. आत्याने घाट घातला, बाबांना ‘बंधू’ म्हणून घातलं, लेक लांब दिल्याची तक्रारही घातली, आणि लगेच पुढच्या ओवीत जावयाचं कौतुक. एक संपली की दुसरी. आईने हात सोडला तेव्हा आत्या थांबली. फेड-आउट वगैरे काही नाही.

नंतर मी शोधलं. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी १९८०च्या दशकात गावोगावच्या बायकांकडून या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. आपल्या मुळशीतल्या बायकाही त्यात आहेत. आज ‘पारी’च्या साइटवर हा संग्रह आहे, १ लाखाहून जास्त ओव्या! आई-लेकीच्या, भाऊ-बहिणीच्या ओव्या तिथे ऐकायला मिळतात.

तुमच्याकडे लग्न असेल तर डीजेला सांगून पाठवणीच्या वेळी स्पीकर बंद ठेवा, आणि ओव्या येणारी आत्या किंवा मावशी आधीच हेरून ठेवा. माइक देऊ नका, लाजतात. कुणालाच येत नसेल तर रेकॉर्डेड गाणं चालेल, पण ‘रिपीट वन’वर टाका, आणि मुलगी गाडीत बसेपर्यंत बटणापाशी माणूस ठेवा.

आत्याच्या त्या ओव्यांचं रेकॉर्डिंग मात्र माझ्याकडे नाही. फोन डीजेच्या केबलला लावलेला होता ना.