दिल्ली दरवाज्यासमोरचा लाल शर्टवाला

रविवारी शनिवारवाड्यासमोर गर्दीविना फोटो मिळणं अवघडच. माझ्या मैत्रिणीने असाच एक फोटो पाठवला. दिल्ली दरवाज्यासमोर तिची आजी उभी आहे आणि तिच्या खांद्याला चिकटून मागे लाल शर्टातला एक अनोळखी माणूस. आजीला आता प्रवास झेपत नाही, त्यामुळे फोटो पुन्हा काढता येणार नाही. हाच फ्रेम करायचाय.

आधी त्या माणसामागे काय काय आहे ते बघितलं. डावीकडे बुरुजाचे दगड, खाली फरशी आणि उजवीकडे दरवाज्यावरचे खिळे. हत्तीने धडक देऊ नये म्हणून बसवलेले हे टोकदार खिळे सरळ ओळींत आहेत. इथेच काम दोन भागांत वाटायचं.

दगड आणि फरशीसाठी फोटोशॉपचं कंटेंट-अवेअर फिल. लॅसोने माणसाचा तेवढा भाग निवडला, कडेने थोडी जागा सोडून, आणि जमिनीवरची सावलीही धरून. सावली राहिली तर माणूस गेला तरी चोरी पकडली जाते! मग Edit > Content-Aware Fill. फोटोवर हिरवा रंग दिसतो; तिथून प्रोग्रॅम नमुना उचलतो. सुरुवातीला आजीची साडीही हिरव्यात होती, त्यामुळे दगडावर जरीकाठ उगवला. ब्रशने आजी आणि दरवाजा हिरव्यातून पुसले, की नुसता दगड आणि फरशी आली. Output To मध्ये New Layer ठेवलं, म्हणजे मूळ फोटोला धक्का नाही.

खिळ्यांना मात्र ही युक्ती चालत नाही. प्रोग्रॅम तुकडे जुळवतो, पण ओळ मोजत नाही. मग अर्धा खिळा इथे, दोन चिकटलेले तिथे. त्यासाठी क्लोन स्टॅम्प. वर नवा रिकामा लेअर घेतला, Sample ला Current & Below आणि Aligned चालू. त्याच ओळीतल्या शेजारच्या खिळ्याच्या टोकावर Alt दाबून क्लिक केलं. मग जिथे पुढचं टोक यायला हवं, नेमकं तिथून रंगवायला लागले. ही पहिली जागा चुकली की सगळी ओळ सरकते. ब्रशमध्ये नमुना आधीच दिसतो, तो ओळीशी जुळवून घ्या. फोटो तिरका असेल तर लांबचे खिळे लहान दिसतात, म्हणून नमुना जवळचाच घ्यावा.

आजीच्या खांद्याजवळ कडक कडेचा छोटा ब्रश वापरला. मऊ ब्रशने तिथे धुरकट वलय येतं.

शेवटी फोटो आडवा उलटवून बघितला. तोच डाग दोन दगडांवर दिसला. एक दुसऱ्या दगडाच्या नमुन्याने झाकला.

एक लक्षात ठेवा, त्या माणसामागचे खरे खिळे कॅमेऱ्याने टिपलेच नव्हते. आपण भरले ते अंदाजाने. घरातल्या भिंतीसाठी हा फोटो झकास, पण वाड्याची नोंद म्हणून कुणाला द्यायचा तर मूळच द्या. चला, भेटू पुढच्या भागात!