लग्नघरचं वायफाय

(सोसायटीच्या सभागृहात सभासदांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

गेल्या दोन-तीन महिन्यांत आपल्याच तीन घरांतून मला एकच प्रश्न आला. एकाकडे मुंज, एकाकडे साठीशांत, एकाकडे मुलीचं लग्न. प्रश्न असा, की हॉलवर वायफाय लावायचं आहे, घरचा राऊटर नेला तर चालेल का? माझी नोकरी याच क्षेत्रातली, म्हणून सचिवांनी फर्मावलं की एकदाच सगळ्यांना सांगून टाका. तेव्हा सांगतो.

आधी एक उलटा प्रश्न. पाहुण्यांना वायफाय हवंच आहे का? हल्ली प्रत्येकाच्या फोनमध्ये स्वतःचा डेटा असतो. हॉल मोकळ्या जागी असेल, मोबाईलची रेंज चांगली असेल, तर शंभर पाहुण्यांच्या मुंजीला वायफायच्या भानगडीत पडू नये. पण हॉल तळघरात असेल, वर पत्रा किंवा जाड स्लॅब असेल, किंवा परदेशातून आलेल्या नातेवाइकांकडे इथलं सिम नसेल, तर गरज खरी आहे. शिवाय लग्न दूरच्या मंडळींना थेट दाखवायचं असेल, तर त्या एका कामासाठी तरी भरवशाची लाईन लागतेच.

आता एक लग्न धरून चालू. पाहुणे ३५०. मुख्य हॉल साधारण ८० फूट बाय ५० फूट, खालच्या मजल्यावर जेवणाचा हॉल. मुलं आणि साधा फोन वापरणारी वडीलधारी मंडळी वगळली तर २८० फोन. दारातल्या टेबलावर वायफायचा क्यूआर कोड ठेवला तर त्यातले निम्मे तरी जोडले जातील, म्हणजे १४०.

इथे बहुतेक जण विचारतात, "मग किती एमबीपीएसची लाईन घेऊ?" तो प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न हवेचा आहे. वायफायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो, बाकीच्यांनी थांबायचं. पंगतीत एकच वाढपी असावा तसं. त्यात जो फोन राऊटरच्या जवळ आहे त्याचं काम झटपट होतं, आणि लांब कोपऱ्यातला जुना फोन फार हळू बोलतो. ५ एमबीचा एक फोटो जवळचा फोन २०० एमबीपीएसच्या वेगाने पाव सेकंदात पाठवतो. तोच फोटो कोपऱ्यातला फोन ६ एमबीपीएसने पाठवायला बसला की सुमारे सात सेकंद हवा अडवतो. तुमची लाईन एक गिगाबिटची असली तरी हे सात सेकंद कमी होत नाहीत. घरचा राऊटर १४० फोनांना का पुरत नाही, त्याचं हे मुख्य कारण. वीस-पंचवीस फोन जोमाने वापरात आले की तो दमतो.

म्हणून एका मोठ्या राऊटरऐवजी ऑफिसांमध्ये छताला लावतात तसे तीन अ‍ॅक्सेस पॉइंट मुख्य हॉलमध्ये आणि एक जेवणाच्या हॉलमध्ये, असा हिशेब करायचा. ते भाड्याने मिळतात. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत, १, ६ आणि ११. चौथा पॉइंट त्यातच घुसवला तर फायदा तर नाहीच, उलट गोंगाट वाढतो. जेवणाचा हॉल स्लॅबखाली असल्यामुळे तिथे १ नंबर पुन्हा वापरता येतो, फक्त वरचा १ नंबरवाला पॉइंट त्याच्या डोक्यावर नको. खरा भार ५ गिगाहर्ट्झवर टाकायचा. तिथे जागा भरपूर आहे, प्रत्येक पॉइंटला वेगळा चॅनेल द्या. चॅनेलची रुंदी मात्र २० मेगाहर्ट्झ ठेवा. घरी ८० ठेवतात, वेग मोठा दिसतो म्हणून, पण गर्दीत रुंद चॅनेल म्हणजे दुसऱ्याची जागा अडवणं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. फोटोग्राफर मंडळी कॅमेऱ्यातलं चित्र एलईडी पडद्यावर बिनवायरीने पाठवतात. ती यंत्रं बऱ्याचदा ५ गिगाहर्ट्झवरच चालतात. आदल्या दिवशी त्यांना चॅनेल विचारून घ्या आणि तेवढा सोडून द्या. नाहीतर ऐन मंगलाष्टकांत पडदा अडखळतो, आणि दोष कोणाचा यावर वाद होतो.

पॉइंट कुठे लावायचे? माणसांच्या डोक्यांच्या वर, निदान नऊ-दहा फुटांवर. माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणी, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. टेबलावर ठेवलेला राऊटर रिकाम्या हॉलमध्ये झकास चालतो. साडेतीनशे माणसं उभी राहिली की त्याची रेंज बरीच घटते. म्हणून आदल्या संध्याकाळी रिकाम्या हॉलमध्ये घेतलेल्या चाचणीवर भाळू नका. डेकोरेटरला आधीच सांगा, कारण तो फुलांच्या भिंतीमागे किंवा एलईडीच्या लोखंडी सांगाड्यामागे डबा झाकून टाकतो. त्याच्या दृष्टीने तो कुरूप डबाच असतो.

आता लाईन. सध्याच्या फोनांची एक खोड आहे. वायफाय मिळालं रे मिळालं, की फोन स्वतःहून कामाला लागतो. फोटोंचा बॅकअप चढवायला घेतो, अ‍ॅप अपडेट करतो, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवरचे सगळे व्हिडिओ उतरवतो. पाहुण्याच्या खिशात फोन नुसता पडून आहे असं आपल्याला वाटतं. अक्षता पडताना सगळे चित्रण करतात. त्या वेळी नेटवर फार भार नसतो. पुढच्या दहा मिनिटांत ते सगळं वर चढायला लागतं. म्हणजे अपलोडवर ताण, आणि आपलं थेट प्रक्षेपणही अपलोडवरच चालतं. तुमच्या जावयाला परदेशात वधूवर दिसेनासे होतात ते या वेळी.

उपाय दोन, आणि दोन्ही करायचे. पहिला, प्रक्षेपणाचा लॅपटॉप वायफायवर ठेवायचाच नाही. त्याला थेट केबल द्यायची. कॅट ६ केबल १०० मीटरपर्यंत बिनघोर चालते. फक्त गालिच्याखालून नेताना टेप मारा, वऱ्हाडी अडखळतात. चांगल्या दर्जाच्या प्रक्षेपणाला ६ एमबीपीएस अपलोड लागतो, त्याच्यासाठी १५ राखून ठेवा. दुसरा उपाय, पाहुण्यांच्या प्रत्येक फोनला मर्यादा घाला: खाली २, वर १ एमबीपीएस. एवढ्यात व्हॉट्सअ‍ॅप चालतं, यूपीआयने आहेर देता येतो, साधा व्हिडिओ कॉलही होतो. बॅकअप मात्र रांगत राहतो, आणि तेच हवं आहे. १४० पैकी साठ फोन एकाच वेळी कामात आले तरी अपलोड ६० वर जाणार नाही, म्हणजे अपलोडसाठी १०० एमबीपीएसची फायबर लाईन पुरते. हॉलवाला "शंभरची लाईन आहे" म्हणतो तेव्हा तेवढ्यावर थांबू नका, अपलोड किती ते मोजून बघा. काही प्लॅनमध्ये तो फारच कमी असतो.

फायबर गेलीच तर म्हणून लोक फाईव्ह-जीचा हॉटस्पॉट ठेवतात. ठेवा, पण त्याचा भरवसा समजून घ्या. तो ज्या टॉवरवर चालतो त्याच टॉवरवर हॉलमधले दोनशे फोनही आहेत. गर्दीच्या वेळी मोबाईल नेट मंदावतं, तेव्हा तोही मंदावणार. म्हणून तो हॉलमध्ये न ठेवता गच्चीवर किंवा टॉवरच्या बाजूच्या खिडकीत ठेवा, तिथून केबल खाली आणा, आणि फक्त प्रक्षेपणासाठी वापरा. पाहुण्यांना त्यावर सोडू नका.

आता ज्या बिघाडाने सगळे चक्रावतात तो. फोनवर वायफायच्या सगळ्या काड्या भरलेल्या, पण नेट नाही. सकाळी चाललं, दुपारी नव्याने आलेल्यांनाच मिळत नाही. फोन `Obtaining IP address` वर अडकून बसतो, किंवा सेटिंगमध्ये बघितलं तर पत्ता `169.254` ने सुरू होतो. इथे रेंजचा दोष नसतो, पत्ते संपलेले असतात. राऊटर प्रत्येक फोनला एक पत्ता देतो. घरगुती राऊटरकडे जास्तीत जास्त अडीचशेच्या आसपास असतात, काहींत शंभरच मांडून ठेवलेले. आणि दिलेला पत्ता तो बरेचदा २४ तास राखून ठेवतो. सकाळच्या हळदीला येऊन गेलेल्या पाहुण्याचा पत्ता संध्याकाळच्या रिसेप्शनलाही अडकलेला! हॉलच्या खोल्यांची किल्ली घेऊन पाहुणा गावी निघून जावा, तसं. यावर राऊटर बंद-चालू करणं हा उपाय नाही, गोंधळ वाढतो. आधीच सबनेट मास्क `255.255.252.0` ठेवायचा, म्हणजे हजारावर पत्ते मिळतात, आणि लीज टाईम एक तास करायचा.

विजेचंही पाहा. लाईट गेली की जनरेटर दहा-वीस सेकंदांत सुरू होतो, दिवे लगेच लागतात. राऊटर मात्र पुन्हा उभा राहायला दोन-तीन मिनिटं घेतो. त्याला छोटा यूपीएस द्या. आणि फायबरचा पांढरा डबा हॉलच्या ऑफिसात कुठेतरी असतो, त्याला दुसरा. एकालाच दिला तर उपयोग शून्य.

पासवर्ड ठेवाच, उघडं नेट नको. पाहुण्यांचे फोन एकमेकांना आणि हॉलच्या ऑफिसातल्या संगणकांना दिसणार नाहीत अशी सोय सेटिंगमध्ये असते, ती चालू करा. क्यूआर कोड करणाऱ्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये ही ओळ टाकली, की कॅमेरा धरताच फोन जोडला जातो:

```
WIFI:T:WPA;S:Lagna-Pahune;P:akshata350;;
```

आजी-आजोबांना "कॅपिटल एस की स्मॉल?" करत बसावं लागत नाही.

भाषणानंतर बी विंगमधल्या काकूंनी विचारलं, "अहो, आमच्याकडे डोहाळजेवण आहे, आपल्याच क्लब हाऊसमध्ये. साठ बायका. एवढं सगळं करायचं का?" नाही काकू. साठ जणींत जोडणाऱ्या तीसच. छताजवळ एक चांगला अ‍ॅक्सेस पॉइंट, प्रत्येकीला मर्यादा, आणि सूनबाईंच्या आईला दाखवायचा जो फोन आहे तो वेगळ्या नावाच्या वायफायवर, ज्याचा पासवर्ड फक्त तुमच्याकडे. क्लब हाऊसच्या राऊटरचा लीज टाईम आजही २४ तास आहे, तेवढा मी उद्या सकाळी वॉचमनकडून किल्ली घेऊन बदलून देतो.