पाकिटातलं शिसं आणि सुटी हळद



जून २०१५ आठवतोय? तुमच्यातले बरेच जण तेव्हा शाळेत असतील. रमजान दोन आठवड्यांवर आला होता आणि घराघरांत एकच विषय होता, मॅगी. आमच्या अम्मीने फडताळातली चार पाकिटं काढून कचऱ्यात टाकली आणि लगेच डाळीच्या फोडणीत चमचाभर हळद घातली. हळद सुटी होती, कागदाच्या पुडीतली. आज मला एवढंच सांगायचं आहे, की तिला पाकिटाची भीती का वाटली आणि पुडीची का वाटली नाही. हे समजायला एका जर्मन समाजशास्त्रज्ञाची मदत होते.

त्यांचं नाव उलरिख बेक. त्यांचं ‘रिस्क सोसायटी’, म्हणजे ‘जोखीम समाज’, हे पुस्तक १९८६ मध्ये जर्मन भाषेत आलं. त्याच वर्षी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. बेक यांचं म्हणणं थोडक्यात असं : पूर्वी समाजातलं मुख्य भांडण संपत्तीच्या वाटपाचं होतं, भाकरी कोणाला किती मिळणार याचं. उद्योग वाढले तसा त्याला दुसरा प्रश्न येऊन मिळाला. त्याच उद्योगांतून निघणारं विष कोणाच्या वाट्याला किती येणार? या नव्या धोक्यांचा एक विशेष आहे. ते इंद्रियांना कळत नाहीत. नासलेलं दूध नाकाला कळतं, पण शिसं ना दिसतं, ना त्याला वास येतो. म्हणजे माझ्या ताटात काय आहे हे मला दुसऱ्या कोणीतरी मोजून सांगावं लागतं. त्यामुळे मोजण्याचा अधिकार कोणाकडे, मर्यादा कोण ठरवतो आणि पुरावा कोणी द्यायचा, हे राजकारणाचे प्रश्न बनतात.

आता मॅगीची गोष्ट या नजरेने पाहा. २०१४ च्या सुरुवातीला उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीत एका अन्न निरीक्षकाने पाकिटं तपासणीला पाठवली. शंका शिशाची नव्हतीच. पाकिटावर ‘नो अ‍ॅडेड एमएसजी’ असं छापलं होतं आणि गोरखपूरच्या प्रयोगशाळेला त्यात एमएसजी, म्हणजे आपण ज्याला अजिनोमोटो म्हणतो ते, सापडलं. कंपनीने आक्षेप घेतला. चाचणीत ग्लुटामेट दिसतं, पण ते वरून घातलं की कांद्याच्या पुडीतून आणि शेंगदाण्याच्या प्रथिनातून आपोआप आलं, हे चाचणी सांगत नाही. मग नमुना कोलकात्याच्या केंद्रीय प्रयोगशाळेत गेला. तिथून आलेल्या अहवालात शिसं १७.२ पीपीएम होतं, म्हणजे एका किलोत १७.२ मिलिग्रॅम. मर्यादा २.५ ची होती. कंपनीचं म्हणणं होतं, की इतक्या जुन्या नमुन्यावर भरवसा ठेवता येत नाही.

बातमी फुटली आणि राज्याराज्यांत तपासण्या सुरू झाल्या. दिल्लीत बहुतेक नमुन्यांत शिसं जास्त निघालं. गोव्याने म्हैसूरच्या संस्थेकडे पाठवलेले नमुने मर्यादेत निघाले. सिंगापूरने भारतातून आलेला माल सुरक्षित ठरवला. ५ जूनला केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने नऊ प्रकारांवर बंदी घातली. हजारो टन माल परत मागवून सिमेंटच्या भट्ट्यांत जाळला गेला.

कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. १३ ऑगस्टला न्यायालयाने बंदी रद्द केली. कारणं दोन : कंपनीला बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नव्हती, आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी उभी होती त्यांना आवश्यक ती मान्यता नव्हती. मोहाली, हैदराबाद आणि जयपूर इथल्या तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत नव्याने चाचणी झाली, शिसं मर्यादेत आलं आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी दुकानात परतली.

मग त्या १७.२ चं काय झालं? शिसं खरंच होतं, की नमुना बिघडला, की मोजण्यात चूक झाली? कंपनी म्हणाली, आमचा कारखाना स्वच्छ आहे. प्राधिकरण म्हणालं, आम्ही अहवालावर विसंबलो. प्रत्येकजण आपल्या नियमाप्रमाणे बरोबर होता आणि मुलांना डबा देणाऱ्या बाईला मात्र उत्तर मिळालं नाही. बेक याला ‘संघटित बेजबाबदारी’ म्हणतात. यंत्रणा मोठी असते, कागद पूर्ण असतात, पण जबाबदारी शोधायला गेलं की ती कोणाच्याच टेबलावर सापडत नाही. म्हणून अम्मीच्या भीतीला मी अडाणीपणा म्हणणार नाही. प्रयोगशाळांचं आपसांत पटत नसेल, तर पाकीट फेकणं एवढंच तिच्या हातात उरतं.

पण इथे एक अडचण आहे. भीती आणि धोका एकाच वाटेने जात नाहीत. मॅगीला नाव होतं, पत्ता होता, छापील लेबल होतं, टीव्हीवर दाखवायला पिवळं पाकीट होतं. पुडीतल्या हळदीला यातलं काहीच नसतं.

त्यासाठी शेजारच्या बांगलादेशात जाऊ. तिथल्या खेड्यांत गरोदर बायकांच्या रक्तात शिसं जास्त सापडलं. संशोधकांनी शोध घेतला आणि माग हळदीपर्यंत पोहोचला. हळकुंडं उकडून, वाळवून मग घासून पॉलिश करतात. त्या टप्प्यावर लेड क्रोमेट नावाची पिवळी भुकटी टाकली जात होती. हा रंगकामातला रंग, आणि त्यातच शिसं. १९८० च्या दशकात पुराने हळद काळवंडली तेव्हा ही युक्ती सुरू झाल्याचं तिथले लोक सांगत. गिऱ्हाईक चकचकीत पिवळी हळद मागायचं, म्हणून पुढेही ती चालू राहिली. कोणी ब्रेकिंग न्यूज दिली नाही, कारण दाखवायला पाकीटच नव्हतं.

२०१९ मध्ये संशोधनाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि तिथल्या सरकारने पावलं उचलली. बाजारात जागेवरच शिसं दाखवणारं हातातलं क्ष-किरण यंत्र घेऊन अधिकारी गेले, ठोक व्यापाऱ्यांना दंड झाला, जाहिराती लागल्या. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं होतं. २०२१ मध्ये ते एकाही नमुन्यात सापडलं नाही. पॉलिशच्या गिरण्यांतल्या कामगारांच्या रक्तातलं शिसंही उतरलं.

बेक म्हणायचे, की आधुनिक धोके शेवटी सगळ्यांना गाठतात, ते निर्माण करणाऱ्यालाही. मॅगीच्या बाबतीत ते पटतं, नुकसान कंपनीचंही झालं. पण गरिबीकडे जोखमी जास्त ओढल्या जातात, हेही त्यांनी मान्य केलं होतं. हळद ही दुसरी बाजू दाखवते. जो सुटं घेतो, त्याच्या मालाची चाचणी कोण करतं? ज्याच्याकडे बिल नाही, तो कोणत्या न्यायालयात जाणार?

म्हणून पुढच्या वेळी फोनवर ‘यात विष आहे’ असा मेसेज आला, तर पाठवणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. कोणी मोजलं? मर्यादा किती आणि निघालं किती? प्रयोगशाळेला मान्यता आहे का? आणि मेसेज ज्याच्याबद्दल कधीच येत नाही, त्या सुट्या मालाबद्दल आपणच प्रश्न काढू. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे कोणीही ग्राहक फी भरून विकत घेतलेला पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अट एवढीच, की खरेदी करतानाच दुकानदाराला तसं सांगायचं. पदार्थ कायद्यात बसत नाही असं निघालं, तर फी परत मिळते. एकट्याला ती फी जड जाईल. पण एका मोहल्ल्यातल्या दहा घरांनी मिळून हळदीची एक पुडी तपासायला दिली, तर आपल्या ताटात काय आहे, हे विचारणारे आपण असू.