कागद खरा, पण माणूस खरा का?
(भूखंड व सदनिका खरेदीविषयीच्या भाषणाचा मजकूर)



जमिनीच्या व्यवहारात फसवणूक झाली म्हटले की, खोटा सातबारा किंवा बनावट खरेदीखत डोळ्यांसमोर येते. परंतु फसवणुकीचा याहून अवघड प्रकार असा की, त्यात बहुतेक कागद अस्सल असतात. खोटा असतो तो ते कागद घेऊन आलेला मनुष्य! सातबारा, फेरफार आणि नोंदविलेल्या दस्ताची प्रमाणित प्रत हे सार्वजनिक अभिलेख आहेत. विहित फी भरून ते कोणालाही मिळतात. तेव्हा हे कागद जवळ असणे हा मालकीचा पुरावा नव्हे. इसार देण्यापूर्वी दोन स्वतंत्र प्रश्नांची उत्तरे मिळवावी लागतात. मिळकतीचा मालक कोण, हा पहिला. समोर बसलेली व्यक्ती तीच आहे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसरा सुटला, असे बहुतेक खरेदीदार धरून चालतात आणि तेथेच फसतात.

एक उदाहरण

समजा, पुण्याजवळच्या एका गावी बिगरशेती आराखड्यातील दोन गुंठ्यांचा एक मोकळा भूखंड आहे. मालकाने तो २००८ साली विकत घेतला आणि नंतर ते परगावी स्थायिक झाले. भूखंडावर कुंपण नाही, राखण नाही. अशीच मिळकत तोतयाला सोयीची असते. एके दिवशी मध्यस्थामार्फत ‘मालक’ भेटतात. किंमत चाळीस लाख, म्हणजे आसपासच्या भावाहून थोडी कमी. मुलीचे लग्न असल्याने घाई आहे. दुसरे गिऱ्हाईक उद्या येणार आहे. दोन लाख रुपये इसार आजच हवा. सातबारा, आधार कार्ड, पॅन कार्ड आणि खरेदीखताची प्रमाणित प्रत दाखविली जाते. मूळ खरेदीखत ‘घर बदलताना गहाळ झाले’ असे सांगण्यात येते.

मालक कोण?

विक्रेत्याने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नये, ही पहिली दक्षता. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमी संकेतस्थळावरून स्वतः काढावा. विक्रेत्याने दिलेल्या उताऱ्यावर पडताळणी क्रमांक असेल तर तो तेथे तपासता येतो. नगर भूमापन झालेल्या भागात सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका पाहावी. सातबाऱ्यावर मालकाच्या नावाशी फेरफार क्रमांक दिलेला असतो. तो फेरफार काढला की हे नाव खरेदीने लागले की वारसाने, हे कळते. ‘इतर हक्क’ या रकान्यातील बोजा, कूळ वा न्यायालयीन दाव्याची नोंदही वाचावी.

सातबारा हा मुळात महसुली अभिलेख आहे. त्यातील नोंद खरी मानली जाते, पण ती विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. मालकीचा खरा आधार म्हणजे नोंदविलेला दस्त. म्हणून नोंदणी विभागाच्या सूची क्रमांक दोनमध्ये शोध घ्यावा. अलीकडच्या वर्षांच्या नोंदी संकेतस्थळावर दिसतात. जुन्यांसाठी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जावे लागते. वकिलामार्फत तीस वर्षांचा शोध घेण्याची प्रथा आहे आणि ती पाळावी.

आपल्या उदाहरणात हे सर्व कागद बरोबर निघतात. २००८ चा दस्त खरा, फेरफार खरा, बोजा नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. दुसरा प्रश्न मात्र अजून तसाच आहे.

मनुष्य तोच काय?

या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्याच जुन्या दस्तात असते. नोंदणी अधिनियमात २००१ साली झालेल्या दुरुस्तीने मालकी हस्तांतराच्या दस्तावर विकणारा आणि विकत घेणारा या दोघांचीही छायाचित्रे व बोटांचे ठसे घेणे आवश्यक झाले. म्हणजे आजचा विक्रेता २००८ साली खरेदीदार म्हणून कार्यालयात आला असेल, तर त्याचे छायाचित्र, ठसा, सही, वय आणि पत्ता दस्तात असावयास हवा. मात्र ही प्रमाणित प्रत दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून स्वतः मागवावी. विक्रेत्याने आणलेल्या प्रतीत छायाचित्राचे पान बदललेले असू शकते.

उदाहरणातील प्रत येते. तीत खरेदीदाराचे वय अठ्ठेचाळीस लिहिले आहे. म्हणजे आज ते पासष्टीच्या घरात हवेत. समोरचे गृहस्थ जेमतेम पन्नाशीचे दिसतात. चेहऱ्याची ठेवण वेगळी आहे, सहीचे वळण जुळत नाही आणि दस्तातील पॅन क्रमांक दाखविलेल्या कार्डाशी मिळत नाही. चतुर तोतया योग्य वयाचा माणूस उभा करील, हेही ध्यानात ठेवावे. म्हणून एवढ्यावर न थांबता दस्तातील पत्त्यावर स्पीड पोस्टाने पत्र पाठवावे, शेजारच्या भूखंडधारकांना भेटावे आणि वकिलामार्फत वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन चौदा-पंधरा दिवस थांबावे. आपल्या उदाहरणात पत्र जुन्या पत्त्यावरील नातेवाइकांच्या हाती पडते आणि आठवड्याने खऱ्या मालकाचा दूरध्वनी येतो : ‘भूखंड विकावयाचा नाही!’ खरा विक्रेता या चौकशीने क्वचितच नाराज होतो. तोतया मात्र पंधरा दिवसांची मुदत ऐकताच दिसेनासा होतो.

दस्त २००१ पूर्वीचा असेल तर छायाचित्र मिळणार नाही. मालक मृत असून वारस विकत असतील, तर मृत्यूचा दाखला व वारस फेरफार पाहून सर्व वारसांच्या सह्या घ्याव्यात. मुखत्यार विकत असेल, तर मूळ मालकाशी प्रत्यक्ष बोलल्याशिवाय पुढे जाऊ नये. मालकाच्या मृत्यूबरोबर सामान्यतः मुखत्यारपत्रही संपुष्टात येते. सदनिकेच्या बाबतीत ही चौकशी सोपी असते. गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांना मालक ठाऊक असतो आणि भागप्रमाणपत्राची नोंद संस्थेच्या दप्तरात असते. भाडेकरूच मालक म्हणून उभा आहे काय, हे तेथेच उघडकीस येते.

दोन गैरसमज

पैसे धनादेशाने दिले म्हणजे व्यवहार सुरक्षित, हा पहिला गैरसमज. बनावट ओळखपत्रांवर खऱ्या मालकाच्या नावाने बँक खाते उघडले जाऊ शकते. धनादेशाने पैसा कोठे गेला ते कळते. तो कोणाला मिळाला, ते कळेलच असे नाही.

दस्त नोंदला म्हणजे मालकी मिळाली, हा दुसरा. दुय्यम निबंधक ओळख पाहतात, परंतु विक्रेत्याच्या मालकीचा निवाडा करीत नाहीत. तोतयाने करून दिलेले खरेदीखत नोंदले गेले, तरी खऱ्या मालकाची मालकी जात नाही. तोतयेगिरी करून दस्त नोंदविणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो; पण त्या शिक्षेने खरेदीदाराचे चाळीस लाख परत येत नाहीत.

म्हणून क्रम असा ठेवावा : आधी उतारा व सूचीचा शोध, मग जुन्या दस्ताची स्वतः मागविलेली प्रत, मग पत्र व जाहीर नोटीस आणि या सर्वानंतर इसार. विक्रेता थांबावयास तयारच नसेल, तर इसारपावतीवर हक्क निर्वेध न ठरल्यास रक्कम परत करण्याची अट आहे, या समाधानावर पैसे देऊ नयेत. ज्याचे खरे नावच ठाऊक नाही, त्याच्याविरुद्ध त्या अटीचा उपयोग होत नाही. असा भूखंड सोडून द्यावा.