संतापाचा मजकूर : पाठवावा, थांबवावा की टाकून द्यावा?



आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे शिक्षण झाले ते कामगारांना मिळालेल्या आरोपपत्रांवर. पूर्वी आरोपपत्रात असायचे की अमुक कामगार अमुक वेळी सुपरवायझरला अमुक शब्द बोलला. मग तो शब्द खरोखर उच्चारला गेला की नाही, ऐकला कोणी, यावर चौकशी चाले. अलीकडच्या आरोपपत्रांना मोबाइलच्या पडद्याचे चित्र जोडलेले असते. त्यावर शब्द, तारीख आणि वेळ मिनिटासकट छापलेली असते. साक्षीदाराला उलटे प्रश्न विचारता येतात, चित्राला काय विचारणार? म्हणून रागाच्या भरात लिहिलेल्या संदेशांपैकी कोणते नव्याने लिहावेत, कोणते थांबवावेत आणि कोणते कधीच पाठवू नयेत, हा प्रश्न आम्ही आज आपल्यापुढे मांडत आहोत.

कोणी म्हणेल, चुकीचा संदेश परत घेता येतो. येतो, पण किती? व्हॉट्सॲपवर पाठवलेला संदेश 2022 पासून सुमारे अडीच दिवसांपर्यंत सर्वांच्या फोनवरून काढता येतो, आणि 2023 पासून पहिल्या 15 मिनिटांत दुरुस्तही करता येतो. परंतु काढलेल्या जागी संदेश काढल्याची खूण राहते आणि दुरुस्त केलेल्या संदेशावर तसा शेरा राहतो. दरम्यान कोणी त्याचे चित्र घेतले असेल तर ते आपल्या हाती उरत नाही. शंभर माणसांच्या गटात ते कोणी ना कोणी घेतोच.

दुसरा एक समज असा की, असे चित्र न्यायालयात सहज टिकत नाही, तेव्हा भिण्याचे कारण नाही. न्यायालयात अशा पुराव्यासाठी प्रमाणपत्र वगैरे लागते हे खरे. पण कामगाराची पहिली चौकशी कारखान्यात होते, आणि तिथे पुराव्याचे ते काटेकोर नियम लागू होत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली एका बस कंडक्टरच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. पुढे 2005 साली, वरिष्ठाला अर्वाच्य शिव्या दिल्याबद्दल झालेली एका कामगाराची बडतर्फी त्याच न्यायालयाने कायम केली. शिव्यांमागे गाऱ्हाणे असले, तरी शिव्यांची शिक्षा वेगळी होते.

मग निवड कशी करावी? सामान्यतः माणूस स्वतःला विचारतो, ‘माझा राग खरा आहे ना?’ हा प्रश्न उपयोगाचा नाही. राग बहुधा खराच असतो. विचारायचे ते असे : हे वाचून वाचणाऱ्याने काय करावे? त्याने करण्याजोगी गोष्ट मजकुरात असेल आणि ती त्याच्या हातची असेल, तर मजकूर पाठवण्याजोगा आहे. फक्त ती गोष्ट दिसेल असा नव्याने लिहावा. गोष्ट आहे, पण आपली माहिती अपुरी आहे किंवा निर्णय एकट्याचा नाही, तर थांबवावा. आणि त्याला नुसते लागावे, टोचावे, एवढाच हेतू असेल, तर पाठवू नये.

आता एक प्रत्यक्ष मजकूर घेऊ. आमच्या युनियनमधील एका कामगाराने एकदा रात्री पावणेबाराला आम्हांला तो पाठवला आणि विचारले, ‘दादा, हे खात्याच्या गटावर टाकू का?’ त्या गटात एकशेचाळीस माणसे, सुपरवायझरही त्यातच. मजकूर पाच वाक्यांचा होता : ‘साहेब, तुम्ही कामगाराचे पैसे खाता. या महिन्यात माझे आठ तास कापले. माझा बाप गेला तेव्हाही तुम्ही रजा दिली नाहीत. अशा माणसाला आम्ही बघून घेऊ. उद्यापासून ओव्हरटाइमला कोणी थांबू नका.’

सगळा मजकूर पाठवावा की फाडावा, असा विचार केला तर उत्तर सापडत नाही. प्रत्येक वाक्य सुटे करून पाहिले की सापडते.

‘पैसे खाता’ हा चोरीचा आरोप झाला. तास कोणी कापले, हे त्या रात्री त्या कामगाराला ठाऊक नव्हते. शिवाय हे वाचून सुपरवायझरने करायचे काय? एकशेचाळीस माणसांसमोर तो फक्त नाकारू शकतो. हे वाक्य बाद.

‘आठ तास कापले’ हे मात्र सोने. यात दुरुस्त करण्याजोगी गोष्ट आहे. पण कोणत्या तारखांचे आठ तास, ते यात नाही. आणि दुरुस्ती गटाच्या हातची नाही, टाइम ऑफिसच्या हातची आहे. हे वाक्य नव्याने लिहायचे आणि योग्य माणसाला पाठवायचे.

तिसरे वाक्य बापाच्या मृत्यूचे. ते खरे होते, आणि पाचांत सर्वांत जड होते. तेच त्याला झोपू देत नव्हते. आठ तास निमित्त. परंतु ते तासांच्या तक्रारीला जोडले, तर दोन्ही वाया जातात. वाचणारा तासांचे विसरतो आणि रजेचे स्पष्टीकरण देत बसतो. गेलेला दिवस सुपरवायझर परत देऊ शकत नाही. असे दुःख समोरासमोर बसून, तासांचा हिशेब मिटल्यावर, बोलायचे तर बोलावे. लेखी पाठवू नये.

चौथे, ‘बघून घेऊ’. आपण रोजच्या बोलण्यात हे शब्द सहज वापरतो. कागदावर आवाज नसतो; तिथे ती धमकी होते, आणि आरोपपत्र लिहिणारा सर्वांत आधी याच ओळीखाली रेघ मारतो. हेही बाद.

पाचवे वाक्य थांबवण्याचे. ओव्हरटाइम नाकारावा की नाही हा प्रश्न रास्त असू शकतो. पण तो सभेने ठरवायचा. इतरांचेही तास कापले गेले आहेत का, हे आधी विचारले पाहिजे. एकट्याने रात्री हाक दिली आणि सकाळी चारच माणसे घरी गेली, तर ती चार उघडी पडतात.

आम्ही त्याला पगाराची स्लिप आणि त्याची डायरी समोर घ्यायला सांगितले. त्याने अठरा तास ओव्हरटाइम केला होता, नऊ दिवस दोन-दोन तास. स्लिपवर दहा होते. चुकलेल्या तारखा 9, 11, 16 आणि 18 निघाल्या. सकाळी टाइम ऑफिस उघडल्यावर मजकूर गेला तो असा : ‘नमस्कार. माझ्या स्लिपवर ओव्हरटाइमचे 10 तास आहेत, माझ्या नोंदीप्रमाणे 18 होतात. 9, 11, 16 व 18 या तारखांचे प्रत्येकी 2 तास दिसत नाहीत. कृपया रजिस्टर तपासून शुक्रवारपर्यंत कळवावे.’ सुपरवायझरला त्याचीच प्रत.

उलगडा असा झाला की, 16 आणि 18 तारखेला तो पॅकिंग खात्यात कामाला गेला होता आणि ते चार तास त्या खात्याच्या रजिस्टरात पडून होते. सुपरवायझरने ते पाहिलेही नव्हते. हे चार तास दुप्पट दराने पुढच्या पगारात मिळाले. 9 आणि 11 तारखेच्या चिठ्ठ्यांवर सही नव्हती, आणि सुपरवायझर कबूल होईना. त्यासाठी लेखी तक्रार द्यावी लागली. नव्याने लिहिलेल्या संदेशाने सगळे मिळते असे नाही. पण भांडण चार तासांवर आले आणि तक्रारीत कामगाराची बाजू डागाविना राहिली.

हीच कसोटी घरी लागते का? भावाला लिहिले, ‘आईच्या आजारपणात तू एकदाही आला नाहीस.’ आई हयात असेल, तर यात एक काम दडलेले आहे. ते उघड लिहावे : ‘येत्या बुधवारी आईला दवाखान्यात तू ने.’ आई गेली असेल, तर त्या वाक्यात करण्याजोगे काही उरत नाही. अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांचे याच जातीचे एक पत्र आहे. जुलै 1863 मध्ये गेटिसबर्गची लढाई जिंकूनही सेनापती मीड यांनी शत्रूला नदीपार निसटू दिले. 14 जुलैला लिंकननी त्यांना अतिशय व्यथित होऊन पत्र लिहिले. मग पाकिटावर, हे पाठवले नाही, सही केली नाही, अशी नोंद करून ठेवून दिले. शत्रू नदी ओलांडून गेलेला होता. पत्र वाचून मीड त्याला परत आणू शकत नव्हते. नाराजीची कुणकुण लागताच त्यांनी पद सोडण्याची तयारी दाखवलीच होती. पत्राने एक सेनापती तेवढा गेला असता.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. ज्याला पाठवायचे त्याच्या नावाखाली रागाचा मजकूर लिहू नये. बोट घसरले की तो जातो. वहीत लिहावा, किंवा व्हॉट्सॲपवर स्वतःलाच संदेश पाठवण्याची सोय आहे तिथे लिहावा. नव्याने लिहिलेला मजकूर दुसऱ्याला वाचायला द्यावा. 2005 साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवले की, ई-मेलमधला आपला सूर वाचणाऱ्याला कळेल असे लिहिणाऱ्याला जेवढे वाटते, त्याहून तो पुष्कळ कमी कळतो. लिहिणारा स्वतःचा आवाज मनात ऐकत असतो. शेजाऱ्याने सपाट आवाजात वाचून दाखवले की टोचणारा शब्द कानाला लागतो. आणि थांबवायचे ते नुसते ‘सकाळपर्यंत’ नव्हे. स्लिप हाती येईपर्यंत, सभा होईपर्यंत, अशी खूण ठरवून थांबवावे. खूण नसेल तर थांबणे हे विसरणे होते.

शेवटी या कसोटीची मर्यादा सांगणे आमचे कर्तव्य आहे. यंत्राचे संरक्षक कवच निघाले आहे, वायू गळतो आहे, अशा वेळी शब्दांची निवड करीत बसू नये. फोन करावा, ओरडावे. तसेच छळाची तक्रार ‘पाठवू नये’ या ढिगात टाकू नये. कामाच्या ठिकाणी स्त्रीचा लैंगिक छळ झाला, तर 2013 च्या कायद्याप्रमाणे लेखी तक्रारीची मुदत तीन महिन्यांची आहे. कारण दाखवल्यास समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते. तिथे शांत होण्याची वाट पाहण्यात मुदत निघून जाते. अशा भगिनीच्या पहिल्या रात्रीच्या मजकुरात राग कितीही असो, तारखा, जागा आणि शब्द असतात. तो पुसू नये, जपून ठेवावा आणि त्यातून तक्रार लिहावी.

मजकूर न पाठवणे म्हणजे अन्याय गिळणे, असा अर्थ आमच्या बोलण्याचा कोणी करू नये. त्या कामगाराने पाचांतले एकच वाक्य पाठवले, आणि त्याचे पैसे मागणारे वाक्य तेवढेच होते.