शिक्षकाचा अपमान झाला, त्या दिवशी काय लिहायचे?
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



डिसेंबर २०२१मध्ये कर्नाटकातल्या दावणगेरे जिल्ह्यातला एक व्हिडिओ देशभर फिरला. सरकारी हायस्कूलच्या वर्गात मुलांनी हिंदीच्या शिक्षकांच्या डोक्यावर कचऱ्याची बादली पालथी घातली होती. मुलांच्या भवितव्याचा विचार करून शिक्षकांनी तक्रार द्यायला नकार दिला. त्यांच्या मनाचा मोठेपणा मी मानतो. पण मला छळणारा प्रश्न वेगळा आहे. ही गोष्ट बाहेर कळली ती मोबाईलमुळे. ज्या शाळांत असा व्हिडिओ निघत नाही, तिथे अशा दिवसाची नोंद कुठे होते? बहुतेक ठिकाणी कुठेच होत नाही. आणि नोंद नसली की शाळेकडे दोनच वाटा उरतात. एक, प्रकरण दाबायचे. दोन, गाव गोळा झाले की घाईघाईने मुलाला शाळेतून काढायचे. म्हणून आज मी मुख्यतः लिहिण्याबद्दल बोलणार आहे.

एक उदाहरण घेऊ. ते मी रचलेले आहे, पण शिक्षकांना ओळखीचे वाटेल. नववीचा वर्ग, मधल्या सुट्टीनंतरचा गणिताचा तास, घटक चाचणी चालू. सरांनी एका मुलाची चिठ्ठी पकडली आणि पेपर काढून घेतला. मुलगा उठला, शिवी दिली, टेबलापर्यंत आला आणि म्हणाला, "रोज स्टँडवरूनच जाता ना? बघून घेतो." मागच्या बाकांवर कुणीतरी बाक वाजवले. सर वर्गाबाहेर आले. संध्याकाळी मुख्याध्यापकांच्या वहीत एक ओळ पडली: "विद्यार्थ्याने उद्धट वर्तन केले. समज दिली."

या ओळीत काय आहे? एक मत आणि एक निकाल. काय घडले ते नाही. दोन महिन्यांनी पालक विचारतील, "उद्धट म्हणजे नेमके काय केले?" तेव्हा तुमच्याकडे उत्तर नसेल. उलट बोलणाऱ्यालाही उद्धट म्हणतात आणि वाट अडवण्याची धमकी देणाऱ्यालाही. या दोघांना शाळेने एकच उत्तर देणे हा दोघांवरही अन्याय आहे.

खरी नोंद शिक्षकांनी स्वतः, त्याच दिवशी, घरी जाण्यापूर्वी लिहायची. तारीख, तास, वर्ग. आधी काय चालले होते. मुलगा काय बोलला ते जसेच्या तसे, शिवीसकट. इथे आपल्या शिक्षकांना संकोच वाटतो, ते "अपशब्द वापरले" असे लिहून मोकळे होतात. पण अपशब्द अनेक प्रकारचे असतात. जातीवरून, बाईपणावरून, आईवरून. शब्द कळल्याशिवाय प्रकरणाचे वजन कळत नाही. मुलगा किती जवळ आला, हात उगारला का, वाट अडवली का, तेही लिहायचे. मला काय वाटले ते लिहायचे, पण वेगळ्या परिच्छेदात. आणि मी काय बोललो, तेही लिहायचे.

हे शेवटचे सगळ्यांत अवघड आहे. समजा, आपल्या उदाहरणातले सर आदल्या दिवशी सगळ्या वर्गासमोर या मुलाच्या वडिलांच्या दारूबद्दल बोलले होते. तेही कागदावर यायला हवे. शिक्षण हक्क कायद्याचे सतरावे कलम शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते. नववीला तो कायदा लागू नसला, तरी मुलाच्या मानाची मर्यादा आठवीनंतर संपत नाही. सरांच्या बोलण्याने मुलाची धमकी माफ होत नाही आणि धमकीमुळे सरांचे बोलणे योग्य ठरत नाही. ही दोन प्रकरणे आहेत, ती दोन कागदांवर चालवावीत. शिक्षकांनी ते लपवले आणि नंतर मुलांच्या तोंडून बाहेर आले, तर धमकीची खरी नोंदही खोटी वाटू लागते.

मग मुलाचे म्हणणे. आपल्याकडे मुलाला कार्यालयात उभे करून माफीनामा सांगून लिहून घेतात. "माझ्याकडून गैरवर्तन घडले, पुन्हा असे करणार नाही." ही भाषा कारकुनाची आहे, मुलाची नाही. त्याला पालकांच्या देखत, त्याच्या भाषेत, काय झाले ते लिहू द्या. साक्षीदार मुलांना एकेकटे बोलवा. "त्याने धमकी दिली ना?" असे विचारू नका, "तुला काय दिसले, काय ऐकू आले?" एवढेच विचारा. सीसीटीव्ही असेल तर चित्रण त्याच दिवशी उतरवून ठेवा, कारण यंत्र काही दिवसांनी जुन्यावर नवे चढवते. समाजमाध्यमावर शिक्षकांचे विकृत केलेले चित्र टाकले असेल, तर खात्याचे नाव, दिनांक आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. तो शिक्षकांच्या गटात फिरवू नका, आणि मुलाचा मोबाईल स्वतः उघडून तपासू नका.

आता अपमान आणि दहशत यांतला फरक. शिवी ऐकून शिक्षकाला वाईट वाटते. दहशत बसली की शिक्षकाचे काम बदलते. तो त्या बाकाकडे पाहत नाही, त्या मुलाची वही तपासायची टाळतो, नको तिथे गुण देतो, घरी जायचा रस्ता बदलतो. आपल्या उदाहरणातल्या मुलाच्या वाक्यात जागा आहे, रोजची वेळ आहे. त्या संध्याकाळी त्याचे मित्र खरोखर स्टँडवर उभे होते का, हे सरांना विचारून लिहायला हवे. उभे असतील, तर हा भांडणातला शब्द राहत नाही. दुसऱ्या दिवशी त्या तासाला पर्यवेक्षक वर्गात बसतील, काही दिवस सरांबरोबर कुणी सहकारी स्टँडपर्यंत जाईल. सरांचा वर्ग मात्र काढून घेऊ नये. मुलांच्या लेखी तो सरांचा पराभव ठरतो.

पोलिसांचे काय? शस्त्र, पाठलाग, अश्लील चित्रे किंवा ठरवून दिलेली धमकी असेल, तर जरूर कळवावे. पण अठरा वर्षांखालच्या मुलाबाबत बाल न्यायाचे २०१६चे आदर्श नियम सांगतात की, अतिगंभीर गुन्हा किंवा मोठ्या माणसाचा सहभाग नसेल, तर साधारणपणे एफआयआर होत नाही. स्टेशन डायरीत नोंद होते आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल तयार होतो. हे माहीत असले, तर "पोलीस" हा शब्द शाळेने धाक म्हणून वापरायची गरज राहत नाही आणि पालकांनाही उगाच घाबरायला नको. आठवीपर्यंतच्या मुलाला तर शिक्षण हक्क कायद्याच्या सोळाव्या कलमाने शाळेतून काढताच येत नाही. नववीपासून काढायचेच म्हटले, तरी पालकांना लेखी आरोप आणि म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते, आणि तेव्हा पुन्हा हीच नोंद लागते.

आपल्या उदाहरणात मी असे करीन. मुलगा सरांना इतर मुलांशिवाय, वर्गशिक्षकांच्या देखत भेटेल आणि धमकी मागे घेतो असे स्वतः सांगेल. चाचणी तो पुन्हा देईल, कारण गुण हा वेगळा विषय आहे. वडिलांच्या दारूबद्दल समुपदेशक त्याच्याशी बोलतील. सरांशी मुख्याध्यापक त्या बोलण्याबद्दल स्वतंत्र बसतील. बाक वाजवणाऱ्यांना वर्गशिक्षक वेगळे बोलवतील, कारण प्रेक्षक मिळाले म्हणूनही धमकी मोठी होते. सहा आठवड्यांनी मुख्याध्यापक सरांना विचारतील, "त्या वर्गात जाताना आता कसे वाटते?" आणि उत्तर त्याच नोंदीखाली लिहितील.

नोंदवही बांधीव असावी, पानांना क्रमांक असावेत. खाडाखोड करायची झाल्यास एका रेघेने खोडून शेजारी सही. ती मुख्याध्यापकांच्या कपाटात राहील, शिक्षकखोलीच्या टेबलावर नाही. आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर "वर्तणूक" असा एक रकाना असतो, त्यात पंधरा वर्षांच्या मुलाच्या एका दुपारचा राग उतरवू नये. तो दाखला त्याच्याबरोबर कॉलेजात आणि नोकरीत जातो. वही शाळेतच राहते.